खांद्याला बसतो तो पोटावर उघडतो

*"मी ४९ वर्षांचा, पतसंस्थेत नोकरीला. उंची ५ फूट ६ इंच. खांदे पहिल्यापासून अरुंद, पोट मात्र गेल्या दहा वर्षांत चांगलंच पुढे आलंय. खांद्याला बसेल असा ४० नंबरचा शर्ट घेतला तर खुर्चीत बसल्यावर बटणं ताणतात आणि मधून बनियन दिसतं. ४४ घेतला की खांद्याची शिवण दंडावर उतरते, बाह्या तळव्यापर्यंत येतात. बायको म्हणते, थोरल्या भावाचा शर्ट घालून आल्यासारखे दिसता. दुकानदार दर वेळी 'साहेब, एक नंबर वरचा घ्या' एवढंच सांगतो. मार्गशीर्षात मुलीचा साखरपुडा आहे. माझ्यासारख्याने नेमका कोणता नंबर घ्यावा? की आधी पोट कमी करावं आणि मग कपड्यांच्या मागे लागावं?"*

*— एक वाचक, सातारा जिल्हा*

नमस्कार.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सोपा आहे. पोटाचं काय करायचं ते तुम्ही आणि तुमचे डॉक्टर बघा. शर्ट त्यासाठी थांबवू नका. पोटावर सैल असलेला शर्ट पुढे बारीक करायचा झाला तर दोन्ही बाजूंच्या शिवणी आत घेतल्या की झालं, कोपऱ्यावरचा शिंपीसुद्धा ते काम तासाभरात करून देतो. उलट मात्र होत नाही. तयार शर्टाच्या शिवणीत कापड जेमतेम सुतभर असतं, त्यामुळे घट्ट शर्ट उसवून मोठा करायला जागाच नसते. म्हणजे आजच्या पोटाच्या मापाने घेतलेला शर्ट उद्याही चालेल. उद्याच्या पोटासाठी घेतलेला आज कपाटातच राहील.

आता नंबर. तुम्ही आणि तुमचा दुकानदार दोघांनीही धरून ठेवलंय की तुमच्यासाठी एखादा बरोबर नंबर कुठेतरी आहे आणि तो सापडत नाही एवढंच. मला वाटतं, तो नाहीच. नंबर म्हणजे एका ठरावीक बांध्याचा साचा. कंपनी एक साचा काढते आणि त्यावरून वरचे नंबर वाढवत नेते. दर नंबराला छातीचा घेर साधारण दोन इंच वाढतो, आणि त्याच्याबरोबर खांदा अर्धा-पाऊण इंच, कॉलर, मुंढा, बाही सगळंच वाढतं. ज्याचं पोट वाढलं त्याचे खांदेही वाढले असणार, असा साच्याचा हिशेब. पण माणसाचा खांदा म्हणजे हाड. विशीत साडेसोळा इंच असलेला खांदा पन्नाशीतही तेवढाच राहतो. म्हणून 'एक नंबर वरचा घ्या' या सल्ल्याने पोटाला हवे ते दोन इंच मिळतात, आणि त्यासोबत खांद्याला नको असलेला अर्धा इंच गळ्यात पडतो. असे दोन-तीन नंबर चढलात की थोरल्या भावाचा शर्ट तयार.

शिवाय तो आकडाही सगळीकडे एकाच गोष्टीचा नसतो. कुठे तो कॉलरचा सेंटिमीटरमधला असतो, कुठे छातीचा इंचातला. दोन कंपन्यांचे ४२ नंबर शेजारी पसरून पाहिलेत तर इंच-दीड इंचाचा फरक सहज निघेल.

तेव्हा नंबर विसरा आणि टेप हातात घ्या. आमच्या मामांचं टेलरिंगचं दुकान होतं. मी शाळकरी असताना तिथे काज-बटणं करायला बसायचो. मामा गिऱ्हाईकाला नंबर कधी विचारत नसत, "घरचा बरा बसणारा शर्ट घेऊन या" म्हणत. तुम्हीही तेच करा, फक्त एकाऐवजी दोन शर्ट घ्या: खांद्याला बसणारा आणि पोटाला बसणारा. दोन्ही बटणं लावून टेबलावर पालथे पसरा, हाताने सुरकुत्या काढा, पण कापड ताणू नका. आता तीन मापं घ्यायची. पहिलं, पाठीवरून एका खांद्याच्या शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत. दुसरं, एका बगलेपासून दुसऱ्या बगलेपर्यंत, शिवणीच्या इंचभर खाली: ही छातीची रुंदी. तिसरं, अगदी खालच्या कडेची रुंदी, जिला शिंपी घेर म्हणतात. खालची कड गोलाई काढलेली असेल तर दोन्ही बाजूंच्या शिवणी जिथे संपतात त्या दोन टोकांमधलं अंतर सरळ रेषेत मोजा. गोलाईच्या तळाशी मोजलंत तर कमी भरेल आणि चांगला शर्ट उगाच बाद कराल.

मग स्वतःचं पोट मोजा, आणि इथे बहुतेकजण चुकतात. आपण ताठ उभे राहतो, नकळत श्वास आत ओढतो आणि टेप लावतो. ते माप फोटोपुरतं. पतसंस्थेत तुम्ही दिवसाचे सात-आठ तास खुर्चीत असता. बसल्यावर पोटाचा घेर इंच-दोन इंच वाढतो, आणि बटणं तिथेच दगा देतात. म्हणून खुर्चीत नेहमीसारखं सैल बसून, श्वास सोडून, बेंबीवरून टेप फिरवा. शर्टाच्या दृष्टीने तोच तुमचा खरा आकडा.

हिशेब कसा मांडायचा ते एका उदाहरणावर दाखवतो. तुमच्या वर्णनाच्या जवळ जाणारा माणूस धरू: खांदा साडेसोळा इंच, छाती ४०, पोट उभ्याने ४५, बसल्यावर ४७. बसल्यावरही दोन इंच सैलपणा हवा, म्हणजे पोटापाशी शर्टाचा पूर्ण घेर ४९ इंच, आणि पसरलेल्या शर्टावर त्याच्या निम्मा, साडेचोवीस.

अडचण अशी की पोटापाशी शर्ट किती रुंद आहे हे मापांच्या तक्त्यात सहसा नसतं. छाती असते, नशीब असेल तर घेर असतो. पण बाजूची शिवण सरळ असेल तर या दोन आकड्यांवरून मधला काढता येतो. बगलेपासून खालच्या कडेपर्यंत साधारण अठरा इंच अंतर असतं आणि बेंबी त्याच्या जवळपास मधोमध येते. म्हणून छातीची रुंदी आणि घेराची रुंदी यांची बेरीज करून निम्मी केली की पोटापाशची रुंदी हाती येते. अर्धा इंच इकडेतिकडे होईल, पण शर्ट घ्यावा की ठेवावा हे ठरवायला तेवढं पुरतं.

समजा समोर तीन शर्ट आहेत. पहिला स्लिम फिट: खांदा १८, छाती २२, घेर साडेएकवीस. सरासरी पावणेबावीस, म्हणजे पोटापाशी पूर्ण घेर साडेत्रेचाळीस. पोट उभ्यानेच ४५ आहे, तेव्हा हा अंगावर चढवायचीही गरज नाही. दुसरा मोठ्या नंबराचा साधा शर्ट: खांदा साडेएकोणीस, छाती २५, घेर २४. सरासरी बरोबर साडेचोवीस. पोट खूश, पण खांदा तीन इंच जास्त, आणि चाळीसच्या छातीवर पन्नास इंच कापड, म्हणजे बगलेत बोचकं. तिसरा सरळ कडेचा, बाहेर सोडून घालायचा, बुशशर्टाच्या वळणाचा: खांदा सव्वाअठरा, छाती साडेतेवीस, घेर २५. सरासरी सव्वाचोवीस, म्हणजे पूर्ण घेर साडेअठ्ठेचाळीस. हवं त्यापेक्षा अर्धा इंच कमी, तरी बसल्यावर दीड इंच मोकळा. खांदा पावणेदोन इंच जास्त, पण तो आवाक्यातला आहे, त्याच्याकडे येतोच.

तिसरा शर्ट दुसऱ्यापेक्षा बरा ठरला तो एकाच गोष्टीमुळे: त्याचा घेर छातीपेक्षा जास्त आहे. तुमच्या बांध्याच्या माणसाने तक्त्यात सर्वात आधी हेच बघायचं. घेर छातीपेक्षा कमी असेल तर तो साचा निमुळत्या कमरेच्या माणसाचा, आणि मध्ये कंबरही आत घेतलेली असण्याची दाट शक्यता. तसं असेल तर वरची सरासरी फसवते, पोटापाशी प्रत्यक्षात त्याहून कमी भरतं. पाठीवर कमरेपाशी दोन उभे टक्स दिसले तर खात्रीच धरा. घेर छातीइतका किंवा इंच-दीड इंच जास्त असेल तर तो आपला. दोन इंचांच्या वर गेला की मात्र शर्ट खाली फ्रॉकसारखा फुलतो, विशेषतः ज्यांचं पोट मोठं पण नितंब बारीक आहेत त्यांना. खालच्या कडेला दोन्ही बाजूंना दोन-तीन इंचांचे कट असतील तर फार उत्तम. बसताना ते उघडतात आणि घेरावरचा ताण सुटतो. आपल्याकडच्या नेहरू शर्टाला असे कट असतात. मांडी घालून बसलेल्या माणसाचा तो पोटावर कधी ताणलेला दिसला नसेल तुम्हाला.

पोट नेमकं कुठे आहे याने थोडा फरक पडतो. बेंबीच्या खाली उतरलेलं असेल तर घेराचा आकडा महत्त्वाचा. छातीखालूनच सुरू होणारं, वर चढलेलं पोट असेल तर घेर कितीही असो, छातीची रुंदीच वाढवावी लागते. अशा माणसाला सरासरीचा हिशेब थोडा कमी पडेल.

ॲपवर घेणार असाल तर तक्ता वाचताना जपून. `Chest` खाली मधल्या नंबराला ३८ ते ४० लिहिलं असेल तर ते बहुधा माणसाच्या अंगाचं माप, शर्टाचं नव्हे. ४३-४४ असेल तर शर्टाचं. २२ असेल तर पसरलेल्या शर्टाचं, निम्मं. `Across Shoulder` म्हणजे शिवणीपासून शिवणीपर्यंतचा खांदा. घेर बहुतेक ठिकाणी दिलेला नसतो, तेव्हा परत करता येईल असाच शर्ट मागवा आणि आल्याबरोबर, अंगावर घालायच्या आधी, टेबलावर मोजा. दुकानात डब्यातला टाचण्या लावलेला शर्ट उघडायला नाराजी असते. हँगरवरचा मागा आणि काउंटरवर पसरून मोजा. दुकानदार दोन मिनिटं बघत राहील, मग त्याचंही कुतूहल जागं होईल.

आता खांदा. तुमचे खांदे अरुंद असल्यामुळे कितीही शोधलंत तरी पोटाला बसणारा तयार शर्ट खांद्याला थोडा मोठाच मिळणार. ते मान्य करून पुढे जाऊ. शिवण हाडाच्या टोकापासून अर्धा इंच बाहेर असेल तर काही करू नका, कोणाला कळतही नाही. पाऊण ते एक इंच बाहेर असेल तर शिंप्याकडून खांदा घटवून घ्या: तो बाही वरच्या अर्ध्या भागात उसवतो, खांद्याच्या टोकाला जादाचं कापड कापतो, मुंढ्याच्या मध्यापर्यंत ते शून्यावर आणतो आणि बाही परत जोडतो. आपल्या तिसऱ्या शर्टाचा खांदा दर बाजूला पाऊण इंच घटवला की पावणेसतरा होतो, साडेसोळाच्या माणसाला अगदी ठीक. लांब बाह्या असतील तर त्याही तेवढ्याच वर सरकतात, म्हणजे तळव्यावर येणाऱ्या बाहीचाही थोडा निकाल लागतो. इंचाच्या पुढे मात्र कोणी 'करून देतो' म्हटलं तरी देऊ नका. मुंढ्याचा आकार बिघडतो, बाहीला वर चुण्या पडतात आणि हात उचलला की अख्खा शर्ट वर येतो. म्हणून दुसरा शर्ट, तीन इंच जास्त खांद्याचा, दुरुस्त होण्यापलीकडचा.

घरात जे ४० नंबरचे लांब बाहीचे शर्ट पडलेत त्यांचंही सांगतो, कारण असे पत्र न लिहिणारे पण कपाट भरलेले बरेच वाचक असतील. बाही अर्धी करून घ्या. कापलेल्या भागातून बाजूच्या शिवणीत घालायला दोन तिकोनी कळ्या निघतात, त्याच कापडाच्या, त्याच रंग उडालेल्या छटेच्या. खाली दोन-अडीच इंच रुंद, वर टोक. घेर एकूण चार-पाच इंच वाढतो. पण कळी वर निमुळती होत जाते, त्यामुळे बेंबीपाशी जेमतेम इंचभर मिळतो. पोटाखालची दोन बटणं ताणत असतील तर हा उपाय; बेंबीवरचंच बटण ताणत असेल तर शर्ट पुतण्याला द्या.

लायक्रा मिसळलेल्या ताणणाऱ्या कापडाचे शर्ट तुम्हाला कोणीतरी सुचवेलच. मला ते पटत नाहीत. बटणं उघडत नाहीत हे खरं, पण कापड पोटाला चिकटून त्याचा नकाशा काढतं. त्यापेक्षा थोडं अंग असलेलं सुती कापड, पॉपलिन किंवा खादी, पोटाच्या सगळ्यात पुढच्या बिंदूपासून सरळ खाली पडतं. आणि उभ्या रेघांनी बारीक दिसतं ही समजूत सैल शर्टापुरतीच खरी. शर्ट ताणला की रेघा वाकतात आणि ताण लांबून दिसतो.

साखरपुड्याचा शर्ट मात्र मी शिवूनच घेईन. तयार शर्ट पुढून-मागून जवळपास निम्मा-निम्मा वाटलेला असतो, पोट मात्र फक्त पुढे असतं. त्यामुळे बाजूची शिवण पुढे ओढली जाते आणि पुढची कड इंचभर वर उचलली जाते. मागून शर्ट लोंबतो, पुढून आखूड वाटतो. आरशात बाजूने बघा, शिवण बगलेपासून सरळ खाली न येता पोटाकडे झुकलेली दिसेल. मास्तरांना म्हणावं, पोटाचे जादा इंच पुढच्या दोन भागांतच द्या, पाठ छातीच्या मापाची राहू द्या, आणि पुढची उंची मध्यभागी इंचभर वाढवा. आपल्या उदाहरणातल्या माणसाची मापं मी अशी लिहून देईन: खांदा १७, छाती ४५, पोट ४९, घेर ५१, खाली सरळ कड आणि बाजूंना अडीच इंचांचे कट. मास्तर पोट उभ्याने मोजतील. तेव्हा बसल्यावरचा आकडा तुम्हीच सांगा. बटणं नेहमीच्या अंतराने लावली की नेमकी बेंबीच्या वर-खाली येतात. एक बटण बरोबर बेंबीवर येईल असं अंतर बसवायला सांगा, आणि त्याच्या वर-खाली पट्टीच्या आतून दोन टिचबटणं.

पहिल्यांदा घालाल तेव्हा उभं राहून आरशात बघू नका, सगळी बटणं लावून खुर्चीत बसा. दोन बटणांमध्ये पापणीसारखी फट पडली, किंवा बटणापासून दोन्हीकडे आडव्या सुरकुत्या धावल्या, तर पोटापाशी इंचभर तरी कमी आहे. मग उठा आणि दोन्ही हात वर करा. शर्ट पट्ट्याच्या वर गेला तर उंची कमी आहे.

सुती कापड असेल तर कापायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवून द्या, नाहीतर पहिल्या धुण्यात तुमचा इंचभर सैलपणा जाईल. आणि तयार शर्टपीस घेऊ नका. तो बहुधा १.६ मीटरचा असतो, ५८ इंच पन्ह्याचा, आणि ५१ च्या घेराला लांब बाह्या काढताना मास्तर कुठेतरी काटकसर करणार, ती बहुतेक घेरातच. ताग्यावरून दोन मीटर कापून घ्या. चौकटीचं कापड असेल तर चौकटी जुळवायला आणखी थोडं, किती ते मास्तरांना आधी विचारून.